फुकट बेट आणि साइन-अप बोनस

ऑनलाइन सट्टा चालवणाऱ्या कंपन्या नव्या ग्राहकाला खातं उघडताना किंवा पहिल्यांदा पैसे भरताना जी सवलत देतात, तिला साइन-अप ऑफर म्हणतात. तिचे ठळक प्रकार तीन. पहिला, फुकट बेट: ठराविक रकमेची एक बेट कंपनीच्या खर्चाने. दुसरा, डिपॉझिट बोनस: तू भरशील तेवढीच रक्कम कंपनी वर घालते. तिसरा, पहिली बेट हरलीस तर परतावा. तिन्हींत तुला काय मिळतं ते जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं. त्यासाठी तुला काय करावं लागतं ते अटींमध्ये असतं, आणि अटी वाचत गेलं की लक्षात येतं, जवळजवळ प्रत्येक अट तुझं डिपॉझिट वाढवायलाच घातलेली आहे.

आधी फुकट बेटची खरी किंमत काढू. नाणेफेकीसारखी पन्नास-पन्नास शक्यतेची गोष्ट धर. कंपनी तिच्यावर २ ऐवजी १.९ चा ऑड्स देते. म्हणजे स्वतःचे १०० लावून जिंकलास तर हातात १९० येतात, हरलास तर शून्य, सरासरी ९५. मधले ५ ही कंपनीची कमाई. आता तेच १०० फुकट बेटचे असतील, तर जिंकल्यावर बहुतेक ठिकाणी मूळचे १०० परत मिळत नाहीत, फक्त वरचे ९० मिळतात. शक्यता निम्मी, म्हणून १०० च्या फुकट बेटची सरासरी किंमत ४५. कंपनीला ही बेट जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्म्याहूनही स्वस्त पडते.

तरीही ते ४५ तुझ्या फायद्याचेच आहेत, हे मान्य करायला हवं. ऑफर प्रत्येक वेळी खोटी असते असं नाही. एकदा घेऊन कायमचा निघून गेलेला माणूस कागदावर थोडा फायद्यातही राहू शकतो. कंपनीला हे पक्कं माहीत असतं. ती रक्कम तिच्या हिशेबात ग्राहक मिळवण्याच्या खर्चात जाते. नवे ग्राहक आणून देणाऱ्या साइटना आणि चॅनलनाही अनेकदा दर नव्या ग्राहकामागे पैसे मिळतात, पण नुसतं खातं उघडून ते मिळत नाहीत, पहिलं डिपॉझिट झालं की मिळतात. या धंद्यात ग्राहक मोजायला सुरुवात होते ती तिथून. एकदा पैसे भरले की कार्ड किंवा वॉलेट जोडलं जातं, आणि दुसऱ्यांदा भरणं दोन टॅपचं काम उरतं.

मग ते पहिलं डिपॉझिट मोठं कसं करायचं? इथे डिपॉझिट बोनस कामाला येतो. ‘१०,००० पर्यंत १०० टक्के बोनस’ हे वाक्य बघ. तू कदाचित ५०० भरून बघणार होतास. आता ५०० भरलेस तर ९,५०० चा बोनस सोडल्यासारखं वाटतं, आणि ऑफर फक्त पहिल्या डिपॉझिटवर असल्यामुळे नंतर भरून चालत नाही. वरची मर्यादा जितकी मोठी, तितका तुझा स्वतःचा आकडा लहान वाटू लागतो. पहिल्या बेटच्या परताव्यातही हेच तंत्र आहे: परतावा मोठ्या रकमेपर्यंत आहे म्हणून पहिली बेटच मोठी लावली जाते, आणि हरल्यावर परत येते ती बहुधा रोख नसते, फुकट बेट असते. तिची किंमत आपण वर काढलीच.

समज, तू १,००० भरलेस. कंपनीने १,००० बोनस दिला. खात्यात २,००० दिसतात. अट अशी: डिपॉझिट आणि बोनस मिळून जी रक्कम होते तिच्या दहापट बेट लावून झाल्याशिवाय बोनस आणि त्यावरची जिंकलेली रक्कम काढता येणार नाही. याला रोलओव्हर म्हणतात. २,००० च्या दहापट म्हणजे २०,०००. दर १०० मागे सरासरी ५ जातात, तर २०,००० मागे १,००० जातात. म्हणजे मिळालेला बोनस अट पूर्ण करतानाच सरासरीने संपतो. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात काहींकडे जास्त उरतं आणि काहींचं खातं अर्ध्या वाटेतच रिकामं होतं, त्यात स्वतःचे १,००० ही जातात.

याच्या जोडीला मुदत असते. दहा दिवस असतील तर रोज २,००० ची बेट लावावी लागते, म्हणजे खात्यातली सगळी रक्कम दररोज एकदा फिरवायची. आठवड्याला एखादी मॅच बघून बेट लावणारा माणूस या अटीमुळे रोज बेट लावणारा होतो. मला या सगळ्या रचनेत सर्वांत घातक वाटते ती हीच गोष्ट, कारण बोनस संपला तरी रोजची सवय राहते.

काही ठिकाणी अट आणखी पुढे जाते: तीन निकाल एकत्र जोडलेल्या बेटच धरल्या जातील. अशा बेटमध्ये कंपनीचा वाटा तीनदा कापला जातो. ९५ टक्क्यांचे ९५ टक्के आणि त्याचे पुन्हा ९५ टक्के, म्हणजे सुमारे ८५.७. दर १०० मागे ५ ऐवजी १४ हून जास्त जातात. या दराने २०,००० फिरवायचे तर सरासरी तोटा २,८०० च्या वर निघतो, आणि खात्यात तर २,००० च आहेत. बहुतेकांचे पैसे अट पूर्ण होण्याआधीच संपतात.

या काळात स्क्रीनवर बहुधा एक पट्टी भरत असते: रोलओव्हर इतके टक्के पूर्ण. पट्टी ७० टक्क्यांवर आणि शिल्लक २०० वर आली की माणूस आणखी पैसे भरतो, कारण एवढं केलेलं सोडवत नाही. आणि मध्येच पैसे काढायला गेलास तर बोनस रद्द होतो. काही दिवस फिरकला नाहीस तर नवा मेसेज येतो: आज भरलेस तर ५० टक्के जास्त. याला रीलोड बोनस म्हणतात. त्याची वेळ आणि रक्कम तुझ्या आधीच्या भरण्यावरून ठरवता येते. उलट, फक्त ऑफर घेऊन हिशेबाने खेळणाऱ्याला कंपनी ओळखते आणि त्याच्या ऑफर बंद करते किंवा बेटवर मर्यादा घालते. ऑफर कोणासाठी आहे, हे त्यावरून कळतं.

म्हणून ऑफर दिसली की मी एवढंच बघतो: रोलओव्हर फक्त बोनसवर आहे की डिपॉझिटवरही, कितीपट आहे, मुदत किती. पट आणि रक्कम यांचा गुणाकार करून त्याचे ५ टक्के काढले की तोटा समोर येतो. तो बोनसच्या जवळपास असेल तर तुला काहीच मिळालेलं नाही.

काही नियामकांनी थेट या अटींनाच हात घातला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १ जानेवारी २०२३ ला ऑनलाइन खेळ-सट्टा कायदेशीर झाला आणि त्याच महिन्यात ‘फुकट’ व ‘जोखीममुक्त’ म्हणून जाहिरात केल्याबद्दल तिथल्या नियामकाने मोठ्या कंपन्यांवर दंडाची कारवाई सुरू केली. ब्रिटनच्या नियामकाने जानेवारी २०२६ पासून रोलओव्हर बोनसच्या दहापटीवर रोखला. १,००० च्या बोनसवर आता जास्तीत जास्त १०,००० फिरवावे लागतात, आणि ५ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात ५०० जातात. त्याच नियमात एकाच ऑफरसाठी दोन प्रकारचे खेळ खेळायला लावण्यावरही बंदी आली. त्याआधी फुटबॉलवर बेट लावायला आलेल्या माणसाला बोनससाठी स्लॉट मशीनचे खेळही खेळायला लावता येत होतं, आणि स्लॉटमध्ये एक फेरी संपायला काही सेकंदच लागतात.