परीक्षापूर्व सूचनावाचन

लेखी परीक्षा सुरू होण्यापूर्वी दालनातील पर्यवेक्षक उमेदवारांना मोठ्याने वाचून दाखवतो ते निवेदन. प्रश्नपुस्तिकेचे सील व पाने तपासणे, दालनातील वर्तनाचे नियम आणि वेळेच्या घंटा असे त्याचे तीन भाग पडतात. मजकूर परीक्षा घेणारी संस्था ठरवते आणि तो केंद्रसंचालकामार्फत दालनात येतो. पर्यवेक्षकाने त्यात स्वतःची भर घालू नये, असा संकेत आहे.

हे निवेदन वाचणाऱ्याला मराठीत दोन नावे आहेत. शालान्त मंडळाच्या आणि विद्यापीठांच्या व्यवहारात ‘पर्यवेक्षक’ रूढ आहे, तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपुस्तिकेवरील सूचनांत ‘समवेक्षक’ असा शब्द येतो. त्याच मुखपृष्ठाच्या तळाशी मात्र ‘पर्यवेक्षकांच्या सूचनेविना हे सील उघडू नये’ असे छापलेले असते, म्हणजे एका पानावर दोन्ही शब्द नांदतात. दोहोंचे मूळ संस्कृत ‘ईक्ष्’ (पाहणे) या धातूत आहे. ‘परि’ आणि ‘अव’ लागून सभोवार पाहणारा तो पर्यवेक्षक, ‘सम्’ आणि ‘अव’ लागून नीट निरखून पाहणारा तो समवेक्षक. शाळांतून मुख्याध्यापकाच्या हाताखालील पदालाही ‘पर्यवेक्षक’ म्हणतात. त्यामुळे परीक्षेपुरता ‘समवेक्षक’ हा शब्द अधिक काटेकोर ठरतो. बोलण्यात मात्र तो उतरलेला नाही. कोकणातल्या केंद्रांवर ‘सुपरव्हिजनला असलेले सर’ किंवा ‘बाई’ असेच ऐकू येते. प्रस्तुत नोंदीत रूढ शब्द वापरला आहे.

सार्वजनिक लेखी परीक्षेची पद्धत मुंबई इलाख्यात 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाबरोबर स्थिरावली. त्याच्या 1862 च्या पहिल्या पदवीधरांत मालवणला जन्मलेले रा. गो. भांडारकर होते. दालनात सूचना वाचण्याची प्रथा साधारण त्याच काळातली मानता येते. सीलबंद पुस्तिकेची तपासणी तिच्यात बरीच नंतर, वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षांबरोबर आली असावी. वर्णनात्मक प्रश्नपत्रिका चार-सहा पानांची असते आणि तिला स्वतंत्र सील नसते. शालान्त मंडळाच्या परीक्षेत आजही सील असते ते 25 प्रश्नपत्रिकांच्या पाकिटाला. ते पाकीट वर्गात सर्वांना दाखवून, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन उघडतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील केंद्रांना या सूचना मंडळाच्या रत्नागिरी येथील कोकण विभागाकडून येतात, रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांना मुंबई विभागाकडून.

पुस्तिकेला स्वतंत्र सील असते तेव्हा सूचनांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे प्रसिद्ध वेळापत्रक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दुपारी 1:30 ला प्रवेशद्वार बंद होते आणि सूचनावाचन व प्रवेशपत्रांची तपासणी सुरू होते. 1:45 ला पुस्तिका वाटतात, 1:50 पासून उमेदवार आपला तपशील लिहितात आणि 2:00 ला पेपर सुरू होतो. पुस्तिका हाती आल्यावर प्रथम फक्त मुखपृष्ठ भरायचे असते, सील तसेच ठेवून. सांगितल्यावरच सील काढायचे आणि सर्वांत आधी आत ठेवलेली उत्तरपत्रिका बाहेर घ्यायची. मग दोन्हींवरचा संकेतांक जुळतो का ते पाहायचे, त्यानंतर पाने मोजायची आणि शेवटी उत्तरपत्रिकेवर तपशील लिहायचा. संकेतांकाआधी तपशील लिहून घेतला, तर पुस्तिका बदलावी लागल्यास लिहिलेली उत्तरपत्रिका वाया जाते आणि तिचा हिशेब वेगळा द्यावा लागतो. अनुभवी पर्यवेक्षक म्हणून एका वाक्यात एकच कृती सांगतो आणि दालनभर नजर फिरवूनच पुढचे वाक्य वाचतो:

‘आता सील काढा. आतली उत्तरपत्रिका बाहेर घ्या. तिच्यावर अजून काही लिहू नका. पुस्तिकेवरचा संकेतांक आणि उत्तरपत्रिकेवरचा संकेतांक एकच आहे ना, ते पाहा. वेगळा असेल त्यांनी हात वर करा.’

सील म्हणजे बहुधा पुस्तिकेच्या उघड्या कडेवर चिकटवलेली कागदी पट्टी. पट्टीखाली बोट घालून ती कडेच्या दिशेने सोडवायची असते. वरून ओढल्यास मुखपृष्ठाचा तुकडा निघतो आणि कधी त्यावरचा क्रमांकही जातो. किनारपट्टीवर आणखी एक घोळ होतो. दमट हवेत डिंक ओल धरतो आणि पट्टीचे एक टोक आपोआप सुटते. उमेदवार ‘सील फुटलेले आहे’ अशी तक्रार करतो, आणि ती ऐकून घेणे भागच असते. फरक सहसा डोळ्यांना दिसतो. पट्टी ओढून काढली असेल तर खाली कागदाचे तंतू उखडलेले असतात. ओलीने सुटली असेल तर कागद शाबूत राहतो आणि त्यावर डिंकाचा गुळगुळीत, चकचकीत थर दिसतो. तरीही शंका आली की पुस्तिका बदलून द्यावी आणि नोंद करावी. दालनात वाद घालण्यापेक्षा राखीव पुस्तिका स्वस्त पडते.

पाने मोजण्याची सूचना सर्वांत वाईट पाळली जाते. बहुतेक उमेदवार शेवटचे पान उघडून तिथला आकडा मुखपृष्ठावरच्या आकड्याशी ताडतात आणि थांबतात. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेत एवढ्याने काही कळत नाही. अशा पुस्तिकेतला प्रत्येक ताव दुमडलेला असतो आणि त्यावर चार पाने छापलेली असतात, दोन पुढच्या अर्ध्यात व दोन मागच्या अर्ध्यात. 32 पानांच्या पुस्तिकेत बाहेरून तिसरा ताव गळाला, तर 5 व 6 यांच्याबरोबर 27 व 28 ही पानेही जातात. पहिले आणि शेवटचे पान मात्र जागेवर असते. एकच ताव दोनदा बांधला गेल्यास 5 व 6 ही पाने पुन्हा येतात आणि तो दोष शेवटचा आकडा पाहून मुळीच सापडत नाही. म्हणून पाने सुट्टी उलटत क्रमांक वाचावेत आणि पिनांपाशी 16 व 17 समोरासमोर येतात ना ते पाहावे. पुढच्या अर्ध्यात खंड सापडला की मागच्या अर्ध्यातला खंड कुठे असेल तेही सांगता येते, कारण एका तावावरच्या जोडीदार पानांची बेरीज नेहमी एकूण पानांहून एकने जास्त भरते: 5 आणि 28, 6 आणि 27, दोन्ही वेळा 33. या तपासणीला मिनिटभर लागते. पेपर सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी सापडलेला दोष दुरुस्त करायला याहून कितीतरी जास्त वेळ जातो, आणि तो वेळ परत द्यायचा की नाही हे पर्यवेक्षकाच्या हातात नसते.

संकेतांक न जुळण्याचे एक उदाहरण घेऊ. एका दालनातील 17 व्या बाकावरील उमेदवाराच्या पुस्तिकेवर 46 आणि उत्तरपत्रिकेवर 48 असा संकेतांक आहे. नियमाप्रमाणे दोन्ही बदलायच्या, एकटी उत्तरपत्रिका नव्हे. पुस्तिका व उत्तरपत्रिका यांची जोडी अनुक्रमांकानेही बांधलेली असते, त्यामुळे फक्त उत्तरपत्रिका बदलली तर संकेतांक जुळतो आणि अनुक्रमांक तुटतो. शेजाऱ्याशी अदलाबदल करणेही चूकच, कारण शेजारी बसणाऱ्यांना मुद्दाम वेगवेगळे संच दिलेले असतात. नव्या जोडीचा क्रमांक हजेरीपत्रकावर लिहून उमेदवाराची सही घ्यावी आणि जुनी जोडी दोषाचे कारण लिहून केंद्रसंचालकाकडे द्यावी. हे राहून गेले तर काय होते, त्याचा हिशेब करता येतो. प्रश्न 180, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीच्या उत्तराला वजा 1. उत्तरे दुसऱ्या संचाच्या सूचीने तपासली गेली, तर चारातले एक योगायोगाने जुळेल असे धरल्यास दर प्रश्नामागे सरासरी पाव गुण पडतो. म्हणजे 180 पैकी 180 उत्तरे बरोबर लिहिणाऱ्यालाही 720 पैकी 45 च्या आसपास गुण दिसतील.

लोकसेवा आयोगाच्या पद्धतीत संच क्रमांक उमेदवाराने स्वतः उत्तरपत्रिकेवर नोंदवायचा असतो. तिथे चूक छपाईची नसून हाताची होते, म्हणून ‘संच क्रमांक’ हे शब्द वाचल्यावर थोडे थांबणे इष्ट.

मराठी माध्यम निवडलेल्या ‘नीट’च्या उमेदवारांना महाराष्ट्रातील केंद्रांवर मराठी व इंग्रजी अशी द्विभाषी पुस्तिका मिळते. भाषा चुकीची आल्याची तक्रारही पाने मोजतानाच घ्यावी. भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. पर्यवेक्षकाने प्रश्नाचा अर्थ सांगायचा नसतो, मालवणीत विचारला तरीही.

वर्तनाच्या नियमांचा भाग सर्वपरिचित आहे: मोबाइल व इतर साधने बाहेर, परवानगीवाचून जागा सोडायची नाही, प्रवेशपत्र मागताच दाखवायचे. ‘नीट’मध्ये पहिल्या तासात आणि शेवटच्या अर्ध्या तासात प्रसाधनगृहात जाऊ देत नाहीत, हे आधी सांगितले नाही तर तक्रारी येतात. कायद्याचा उल्लेख करताना मात्र सावध राहावे. राज्याच्या 1982 च्या गैरप्रकार प्रतिबंध अधिनियमाखाली कमाल एक वर्ष कारावास आणि/किंवा एक हजार रुपये दंड अशी तरतूद आयोगाच्या पुस्तिकेवर छापलेली असते. वेळ संपण्याआधी पुस्तिका अनधिकृतपणे जवळ बाळगणे हाही त्यात गुन्हा आहे. केंद्राच्या 2024 च्या कायद्यातील मोठ्या शिक्षांचा रोख पेपर फोडणाऱ्या व उत्तरपत्रिकांत फेरफार करणाऱ्या व्यक्ती आणि टोळ्यांवर आहे. कॉपी करणाऱ्या उमेदवारावर परीक्षा संस्थेच्या स्वतःच्या नियमांनुसार कारवाई होते. दोन्हींची सरमिसळ करून धाक घालण्याची सवय काही पर्यवेक्षकांना असते. ती टाळावी.

वेळेच्या सूचनांत पहिली गोष्ट सांगायची ती कोणती वेळ प्रमाण आहे ही. ‘नीट’मध्ये उमेदवाराला घड्याळ नेता येत नाही आणि दालनातले भिंतीवरचे घड्याळ केंद्राच्या घंटेपेक्षा दोन-तीन मिनिटे पुढे-मागे असू शकते. ‘घंटा प्रमाण, घड्याळ नव्हे’ हे वाक्य आरंभीच वाचले, तर शेवटच्या दोन मिनिटांतला वाद टळतो. घंटा सहसा आरंभाला, मध्ये ठरावीक अंतराने, संपण्यापूर्वी दहा मिनिटे इशाऱ्याची आणि अखेरची अशी होते. शालान्त मंडळाने पूर्वी अकराच्या पेपरला 10:50 लाच प्रश्नपत्रिका देण्याची सोय ठेवली होती. 2023 पासून ती बंद करून ती दहा मिनिटे शेवटी जोडली. आता पेपर 11:00 ला मिळतो आणि तीन तासांचा पेपर 2:10 ला संपतो. जुन्या सवयीने ‘आधी वाचून घ्या’ असे सांगणारे पर्यवेक्षक तरीही आढळतात.

कोकणात वीज गेली की विजेची घंटा बंद पडते. बऱ्याच शाळांत टांगलेला रुळाचा तुकडा किंवा पितळी टोल त्यासाठी राखून असतो. जुलैतल्या पुरवणी परीक्षेत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना टोलही शेवटच्या दालनापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा शिपाई दालनादालनांतून फिरून वेळ सांगतो आणि पर्यवेक्षक प्रत्येक घंटेला फळ्यावर उरलेली मिनिटे लिहितो. पावसात सूचनाही दोनदा वाचाव्यात, दुसऱ्यांदा मागच्या भिंतीजवळ उभे राहून.

अखेरच्या घंटेला एकच सूचना असते: पेन खाली ठेवा आणि जागेवर बसून राहा. ‘नीट’मध्ये उत्तरपत्रिका देताना हजेरीपत्रकावर दुसरी सही करावी लागते. ती नसेल तर उत्तरपत्रिका दिलीच नाही असे धरतात. म्हणून सह्या व उत्तरपत्रिका मोजून जुळल्यावरच दार उघडतात.