रूम टोनचा लूप

रूम टोनचा लूप : संवादाच्या संपादनात दोन वाक्यांमध्ये पडलेली किंवा कापून काढलेल्या आवाजामुळे रिकामी झालेली जागा त्याच खोलीतील, कोणीही बोलत नसतानाच्या, आवाजाचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून भरण्याची पद्धत. माणसे गप्प बसली तरी खोली गप्प बसत नाही. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, उघड्या दारातून येणारी अंगणाची चाहूल आणि खुद्द मायक्रोफोनची सूक्ष्म खरखर यांचा मिळून एक पातळ थर बनतो. हाच रूम टोन होय. तो प्रत्येक शब्दाखाली असतो, त्यामुळे बोलण्याच्या मध्ये आलेली दिग्दर्शकाची सूचना किंवा भांड्याचा आवाज कापून काढला की त्यासोबत हा थरही निघून जातो आणि तेथे निव्वळ शून्य उरते. ऐकणाऱ्याला ते शून्य शांततेसारखे वाटत नाही. क्षणभर ध्वनियंत्रणाच बंद पडली असावी, असे त्याला वाटते.

पार्श्वध्वनी, म्हणजे ॲम्बियन्स, ही वेगळी गोष्ट आहे. ॲम्बियन्स ठिकाणाची जाणीव करून देतो आणि तो दुसऱ्या जागी ध्वनिमुद्रित केलेला असला तरी चालतो. रूम टोन मात्र त्याच खोलीचा, त्याच मायक्रोफोनचा आणि त्याच कोनाचा असावा लागतो. म्हणूनच चित्रीकरणाच्या जागी, सर्व माणसे आपापल्या जागी असताना आणि मायक्रोफोन व गेन, म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी, न हलवता, 30 ते 60 सेकंदांचा रूम टोन स्वतंत्रपणे घेण्याची रीत आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी अशा ठिकाणांहून लघुपट आणि वेब मालिका करणाऱ्या छोट्या चमू बहुधा गावातल्या खऱ्या घरांत काम करतात. उन्हाने सगळे कातावलेले असताना आणखी एक मिनिट सर्वांना स्तब्ध बसवणे दिग्दर्शकाच्या जिवावर येते आणि रूम टोन राहून जातो. मग एडिटरला तो टेकमधूनच वेचून काढावा लागतो. प्रस्तुत नोंदीत या वेचलेल्या तुकड्याच्या लूपचाच विचार केला आहे, कारण चुका सर्वाधिक तेथेच होतात.

तुकडा कोठून घ्यावा : सर्वांत उपयोगी जागा दोन. ‘ॲक्शन’ म्हटल्यानंतर पहिले वाक्य सुरू होईपर्यंतची आणि शेवटच्या वाक्यानंतर ‘कट’ ऐकू येईपर्यंतची. वाक्यांच्या मधले विराम तिसऱ्या क्रमांकावर येतात, कारण त्यांच्या आरंभी आधीच्या शब्दाचा घुमारा शिल्लक असतो. जाड मातीच्या भिंती आणि माळवद असलेल्या घरात तो लवकर विरतो, तर सिमेंटच्या भिंती व वर पत्रे असलेल्या खोलीत बराच रेंगाळतो. घुमाऱ्याचे हे शेपूट तुकड्यात आले तर लूपच्या प्रत्येक फेरीला कोणीतरी नुकतेच बोलून थांबल्याचा भास होतो. विरामाच्या शेवटी बोलणाऱ्याने पुढच्या वाक्यासाठी घेतलेला श्वासही असाच वगळावा लागतो.

मोबाइल किंवा साध्या कॅमेऱ्यावर ध्वनिमुद्रण करताना गेन आपोआप कमीजास्त होण्याची सोय चालू राहिली असेल, तर वेचलेला तुकडा फसवा असतो. माणूस बोलायचे थांबले की यंत्र गेन वाढवत नेते आणि विरामातला टोन हळूहळू फुगतो. अशा तुकड्याचा लूप केल्यास प्रत्येक फेरीत आवाज चढतो आणि जोडापाशी एकदम खाली पडतो. खोलीला धाप लागली आहे असे ऐकू येते. त्यासाठी तुकड्याच्या सुरुवातीची व शेवटची पातळी आधी सारखी करून घ्यावी लागते.

पत्र्याच्या खोलीतील एक प्रसंग : परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावात, मे महिन्यातील दुपारी, पत्र्याच्या खोलीत चित्रित केलेला आजी आणि नातवाचा प्रसंग उदाहरणादाखल घेऊ. पंखा चौकटीत दिसतो, म्हणून तो चालूच ठेवलेला आहे. आजी विचारते, ‘‘कामून आलास रं एवढ्या उन्हाचं?’’ त्यावर नातू बराच वेळ काही बोलत नाही. या विरामात दिग्दर्शकाने हलक्या आवाजात दिलेल्या सूचना आल्या आहेत, त्यामुळे 11 सेकंदांचा आवाज काढून टाकावा लागला आहे. रूम टोन स्वतंत्रपणे घेतलेला नाही. नातवाच्या बाजूच्या मायक्रोफोनवर ‘ॲक्शन’नंतरचा 2.6 सेकंदांचा एक स्वच्छ तुकडा मिळतो आणि त्याच कोनाच्या दुसऱ्या टेकच्या शेवटी सुमारे 1.8 सेकंदांचा आणखी एक.

असा तुकडा एडिटर अनेकदा जसाच्या तसा पाच वेळा चिकटवतो आणि प्रत्येक जोडावर क्रॉसफेड देतो, म्हणजे आधीचा तुकडा विरत असतानाच पुढचा त्यावर हळूहळू चढवतो. जोड ऐकू येत नाहीत, तरीही तिसऱ्या फेरीपासून काहीतरी खटकू लागते. याचे कारण जोडात नसून तुकड्याच्या पोटात असते. उन्हाने तापणारे पत्रे प्रसरण पावताना मधूनमधून ‘टक’ असा बारीक आवाज करतात आणि तसा एक ‘टक’ या तुकड्यात आहे. एकदा वाजला तर तो खोलीचाच आवाज वाटतो, पण दर अडीच सेकंदांनी वाजला की त्याचा ताल होतो आणि कान ताल लगेच पकडतो. ठळक खूण नसलेल्या केवळ खरखरीतही पुनरावृत्ती ओळखता येते. न्यूमन गटमन आणि बेला ज्युलेश यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा निव्वळ खरखरीचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला असता ऐकणाऱ्यांना त्याची आवर्तने जाणवतात असे दिसले. सेकंदापेक्षा लहान तुकड्यांत ही जाणीव विशेष स्पष्ट असते. त्यामुळे अर्ध्या सेकंदाच्या विरामाचा लूप करणे सहसा निष्फळ ठरते.

या खोलीतील दुसरी लय पंख्याची आहे. पंखा किंचित हेलकावत असल्याने प्रत्येक फेऱ्याला एक मंद ठोका पडतो आणि ध्वनीच्या आलेखात, उभी मोजपट्टी वाढवून पाहिल्यास, हे ठोके सुमारे 0.25 सेकंदाच्या अंतराने दिसतात. तुकडा पूर्ण फेऱ्यांवर कापला नाही तर जोडापाशी दोन ठोके जवळ येतात किंवा त्यांच्यातले अंतर वाढते, आणि पंखा अडखळल्यासारखा वाटतो. म्हणून काम फेऱ्यांच्या हिशेबाने करावे. पहिल्या तुकड्यात दहा पूर्ण फेरे बसतात. पत्र्याचा ‘टक’ चौथ्या फेऱ्यात आहे, तेव्हा तो पूर्ण फेरा काढून टाकावा आणि दोन्ही कडा अगदी छोट्या क्रॉसफेडने जुळवाव्यात. उरलेल्या नऊ फेऱ्यांपैकी आठ लूपसाठी आणि नववा पुढच्या तुकड्यावर चढवण्यासाठी, असा हा 2 सेकंदांचा ‘अ’ तुकडा झाला. दुसऱ्या टेकमधून सात फेरे मिळतात. त्यातील सहा भरणीसाठी आणि एक चढवण्यासाठी घेतल्यास दीड सेकंदाचा ‘ब’ तुकडा होतो. हे तुकडे अ, ब, अ, ब, ब, अ, ब अशा क्रमाने लावले की 12 सेकंद भरतात, म्हणजे 11 सेकंदांच्या जागेला पुरून थोडे उरते. क्रम मुद्दाम अनियमित ठेवला आहे. अ, ब, अ, ब असेच सतत लावले तर साडेतीन सेकंदांचा एक मोठा लूप तयार होईल आणि दोष तसाच राहील.

फेऱ्याची लांबी गणिताने न ठरवता प्रत्येक टेकमध्ये आलेखावर मोजणे आवश्यक आहे. गावात विजेचा दाब दिवसभर सारखा नसतो. संध्याकाळी घरोघरी दिवे व पंखे सुरू झाले की दाब उतरतो आणि पंखा मंदावतो. दुपारच्या टेकमध्ये 0.25 सेकंदात होणारा फेरा सायंकाळी 0.3 सेकंद घेऊ शकतो. दृश्य एकच असले तरी अशा दोन टेकमधील तुकडे एकमेकांना जोडू नयेत.

क्रॉसफेडचा प्रकार : दोन वेगवेगळ्या खरखरींमध्ये सरळ रेषेचा क्रॉसफेड दिल्यास मध्यावर दोन्ही आवाज निम्म्यावर येतात आणि एकूण पातळी 3 डेसिबलने उतरते. लूपमध्ये ही घसरण दर जोडाला येत असल्याने ती खड्ड्यासारखी ऐकू येते. म्हणून समान शक्तीचा, म्हणजे मध्यावर फुगीर असणारा, क्रॉसफेड वापरतात. परंतु टोनमध्ये विजेची गुणगुण ठळक असेल तर प्रकरण बदलते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची असल्याने गुणगुणीचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते. दोन्ही तुकड्यांतील आवर्तने जुळली तर फुगीर क्रॉसफेडच्या मध्यावर गुणगुण 3 डेसिबलपर्यंत वाढते आणि उलटी पडली तर ती जवळजवळ नाहीशी होते. अशा वेळी तुकडा काही मिलिसेकंद सरकवून आवर्तने जुळवावीत आणि क्रॉसफेड सरळ रेषेकडे झुकवावा. खरखर आणि गुणगुण दोन्ही असतील तर यांपैकी जे अधिक ऐकू येते त्याचा विचार आधी करावा. हा निर्णय कानानेच घ्यावा लागतो.

तुकडा उलटा वाजवून मूळ तुकड्याला जोडण्याची युक्तीही प्रचलित आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंना तोच आवाज येत असल्याने जोड सहज मिटतो. निव्वळ खरखरीसाठी ती चांगली आहे. परंतु कूलरमधील पाण्याचा थेंब, चिमणी किंवा पत्र्याचा ‘टक’ उलटा झाला की आवाज आधी फुगतो आणि मग एकदम तुटतो. निसर्गात असे सहसा घडत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला काय चुकले ते सांगता आले नाही तरी ते खटकते.

भरणी आणि संवाद यांचा सांधा : लूप संवादापासून वेगळ्या ट्रॅकवर ठेवतात, म्हणजे पुढे त्याची पातळी स्वतंत्रपणे कमीजास्त करता येते. विरामाच्या आरंभी लूप शब्दाच्या घुमाऱ्याखालीच सुरू करावा आणि घुमारा पूर्ण विरू द्यावा. विरामाच्या शेवटी सांधा पुढच्या शब्दाच्या पहिल्या व्यंजनाला चिकटवावा. क, ट, प यांसारखी स्फोटक व्यंजने सांधा झाकतात, तर म, य, व किंवा स्वराने सुरू होणाऱ्या शब्दापूर्वी तो उघडा पडतो आणि क्रॉसफेड लांबवावा लागतो. वरील प्रसंगात नातवाचे उत्तर ‘‘काय नाय, आज्जे’’ असे सुरू होते, त्यामुळे ‘का’च्या अगदी आधी सांधा ठेवल्यास फारसे काही करावे लागत नाही. आजीच्या बाजूचा मायक्रोफोन दाराकडे तोंड करून आहे आणि त्यात अंगणातील कोंबड्या अधिक येतात. म्हणून तिच्या वाक्यांमधील जागांसाठी त्याच कोनातून वेचलेला निराळा लूप लागतो.

पारख : तयार झालेला लूप संवादाशिवाय, हेडफोनवर, नेहमीपेक्षा सुमारे 10 डेसिबल वाढवून दोन मिनिटे ऐकावा. मिश्रणाच्या वेळी संवादावर कॉम्प्रेसर बसतो आणि हळू भाग वर येतो, त्यामुळे एडिटच्या टेबलावर जेमतेम ऐकू येणारा दोष नंतर उघडा पडतो. बोटाने ठेका धरता येत असेल तर लूपमध्ये खूण राहिली आहे असे समजावे. संवादाची खरखर सॉफ्टवेअरने कमी केली असेल तर तीच प्रक्रिया त्याच मात्रेत लूपवरही करावी लागते, नाहीतर विराम शब्दांपेक्षा गोंगाटाचे होतात.

विरामाच्या अलीकडचा आणि पलीकडचा टोनच निराळा असेल तर एकच लूप पुरत नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्या दरम्यान शेजारच्या शेतातील बोअरची मोटार सुरू झाली असेल, तर मोटारीआधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन लूप करून त्यांच्यात दोन-तीन सेकंदांचा संथ क्रॉसफेड द्यावा लागतो. मोटारीचा आवाज शब्दांच्या बरोबरीचा असेल तर मात्र विराम भरून उपयोग नसतो, आणि ते वाक्य नटाकडून पुन्हा बोलवून घ्यावे लागते. डबिंगच्या त्या कोरड्या वाक्याखाली पसरायला मोटार सुरू होण्यापूर्वीच्या टोनचा लूपच लागतो.