सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या: किती लिटरच्या हव्यात, आणि अर्ज नेमका कशासाठी करायचा

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येऊ लागलं आणि रोजच्या पाण्याच्या हिशेबाने बांधलेल्या टाक्या एकदम अपुऱ्या पडल्या. बहुतेक सोसायट्यांनी पहिली मागणी केली ती मोठ्या टाकीची. ती कधी बरोबर असते, कधी अर्धीच बरोबर असते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी तासाभराचं एक मोजमाप करून घ्यावं. त्याकडे पुढे येतोच.

आधी गरज काढू. महापालिकेचा हिशेब घरात प्रत्यक्ष किती माणसं राहतात यावर सहसा चालत नाही. एका सदनिकेत 5 माणसं आणि माणशी रोज 135 लिटर असं धरलं जातं. या 135 मधले 45 लिटर फ्लशचे. उदाहरणाला 40 सदनिकांची सोसायटी घेऊ. माणसं 200, रोजची गरज 27,000 लिटर. तुमच्याकडे निम्मी घरं दोघा-दोघांची असली तरी अर्जात हाच आकडा टाका. वॉचमनची खोली, क्लबहाऊस असेल तर तेवढं वेगळं दाखवा. आग विझवण्याची टाकी यात धरू नका. ती किती मोठी हवी हे अग्निशमन विभाग ठरवतो, आणि तिच्यातलं पाणी वापराच्या हिशेबात घेता येत नाही.

पाणी दिवसाआड सकाळी 6 ते 10 येतं असं समजू. म्हणजे दोन दिवसांचं 54,000 लिटर या चार तासांत आत यायला हवं. त्यातला काही भाग त्याच वेळी वापरलाही जातो, कारण आंघोळी, धुणी-भांडी तेव्हाच चालतात. सकाळच्या या चार तासांत दिवसाचा 40 टक्के वापर होतो असं मी धरतो; तो 10,800 लिटर झाला. उरलेलं 43,200 लिटर पाणी 10 वाजता वरच्या आणि खालच्या टाकीत मिळून साठलेलं असायला हवं. एकूण साठवणीचा आकडा हा. पाणी रोज आलं असतं, तर याच रीतीने तो 16,200 वरच थांबला असता. पुरवठ्याचे तास आणि मधला खंड याने किती फरक पडतो ते यावरून दिसेल.

या साठ्याची वाटणी करताना वरच्या टाकीत दिवसाचा तिसरा हिस्सा, म्हणजे 9,000 लिटर ठेवण्याची पद्धत आहे. सकाळच्या गर्दीत लाईट गेली तरी एवढं पाणी तीन तासांहून थोडं जास्त पुरतं. जास्त ठेवायचा मोह होतो, पण 9,000 लिटर म्हणजे 9 टन, शिवाय टाकीचं वजन वेगळं. जुन्या इमारतीच्या गच्चीवर दोन-चार प्लास्टिकच्या टाक्या नुसत्या चढवून ठेवणं हा प्रकार मला अजिबात पसंत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय एकही वाढवू नका. वरची टाकी दोन कप्प्यांची असली तर धुताना पाणी बंद ठेवावं लागत नाही.

उरलेले 34,200 लिटर खालच्या टाकीचे. आपल्या उदाहरणातली जुनी टाकी आतून 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आहे आणि तिच्यात 1.8 मीटर पाणी राहतं. कागदावर ती 21,600 लिटरची. पण पंपाचा फूट व्हॉल्व्ह तळापासून 20 सेंटीमीटर वर असतो, त्याखालचं पाणी पंप उचलत नाही. तिथे 2,400 लिटर गेले, हाती राहिले 19,200. थोडक्यात 15,000 लिटर कमी पडतात. जुन्या टाकीला लागून 3.2 बाय 3 मीटरची, तेवढ्याच खोलीची नवी टाकी बांधून दोन्ही तळाशी पाइपने जोडल्या की ही तूट भरून निघते. पाण्याच्या पातळीवर 30 सेंटीमीटर मोकळी जागा सोडा, आणि झाकणाची कड फरशीपेक्षा वितभर उंच घ्या, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं.

आता ते मोजमाप. पाणी आलं की पंप बंद ठेवा, टाकीत काठी उभी धरून ओल कुठवर आहे तिथे खूण करा आणि बरोबर एका तासाने पुन्हा बघा. आपल्या उदाहरणात पाणी 29 सेंटीमीटर चढलं. टाकीचा तळ 12 चौरस मीटर, म्हणजे तासाला 3,480 लिटर. चार तासांत 14,000 सुद्धा होत नाहीत, आणि हवेत 54,000! या सोसायटीने कितीही मोठी टाकी बांधली तरी ती रिकामीच राहणार. आमच्या एका कमिटीने हीच चूक केली होती. टाकी बांधून झाल्यावर टँकर मात्र पूर्वीइतकेच येत राहिले.

दोष नळजोडाच्या आकारात आहे. 25 मिलिमीटरचा जोड 50 चा केला तर तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं, आणि पाण्याचा वेग तोच राहिला तर तासाला 13,900 लिटर मिळतात. गरज 13,500 ची, म्हणजे जेमतेम भागतं. जोड मोठा असूनही पाणी कमी चढत असेल, तर मीटरची जाळी तुंबली आहे का आणि फ्लोट व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो का ते आधी तपासा. ते ठीक असेल तर दाबाची तक्रार करायची, अर्ज नाही. मुख्य वाहिनीला थेट पंप लावणं बेकायदा आहे. तो सापडला तर पंप जप्त होतो आणि जोडही तुटू शकतो.

म्हणजे अर्ज दोन, आणि दोन वेगळ्या टेबलांवर. जोडाचा आकार वाढवण्याचा अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत पाणीपुरवठा विभागात जातो, आणि नवी भूमिगत टाकी बांधायची परवानगी आर्किटेक्टमार्फत बांधकाम परवानगी विभागात. सोसायटी नोंदणीकृत हवी, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं हवं आणि मिळकतकर व पाणीपट्टीची थकबाकी नसावी. एका जरी सदनिकेचा कर थकला असेल तर फाईल तिथेच अडू शकते, म्हणून ते आधी मिटवा.

दोन्ही अर्जांना लागणारे समान कागद म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि कर भरल्याच्या ताज्या पावत्या. ठरावात नुसतं ‘पाण्याची सोय करणे’ असं लिहू नका. जोडाचा जुना-नवा आकार, टाकीचे लिटर, खर्चाची मर्यादा आणि सही कोण करणार हे त्यात यायला हवं. जोडासाठी याशिवाय सदनिकांची यादी, वरचा पाण्याचा हिशेब, जुन्या मीटरचं बिल आणि प्लंबरच्या परवान्याची प्रत लागते. टाकीसाठी जागेचा नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. खोदाई इमारतीच्या पायाच्या किती जवळ येते आणि ड्रेनेजची लाईन कुठून जाते हे नकाशात दाखवलेलं नसेल, तर तो परत येतो. महापालिकेप्रमाणे यात एखादं हमीपत्र वाढतं.

यानंतर स्थळपाहणी, मग शुल्काचं चलन. रस्ता फोडायचा असेल तर त्याची परवानगी आणि शुल्क वेगळं भरावं लागतं, आणि पावसाळ्यात रस्ते खोदाई सहसा बंद असते. म्हणून ठराव दिवाळीच्या आसपास आणि अर्ज डिसेंबरात, असं मी सुचवतो. जोड आधी मंजूर करून घ्या, मगच टाकीच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम द्या. टाकी झाल्यावर ती काठोकाठ भरून, जोडपाइप बंद करून, भिंतीवर पाण्याच्या रेषेशी रंगाची खूण करा आणि तीन दिवस तशीच ठेवा. पातळी खूण सोडून खाली गेली तर गळती आहे. ती दुरुस्त होईपर्यंत शेवटचं बिल चुकतं करू नका.