‘लवकर घडतं म्हणून’ हे कारण पुरत नाही

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत अकरावी सायन्सचे क्लास गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या कुठल्याही मुलाला विचारा, न्यूटनने हवेतल्या ध्वनीचा वेग कमी का काढला? उत्तर तयार असतं. न्यूटनने प्रक्रिया आयसोथर्मल म्हणजे तापमान कायम राहणारी मानली, ती अडायबॅटिक म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणारी असते, कारण ध्वनीत आकुंचन-प्रसरण फार लवकर घडतं. पूर्ण मार्क. आता पुढचा प्रश्न विचारा. मग आवाज खूप संथ केला, कंपनं अगदी हळू केली, तर न्यूटनचं सूत्र बरोबर ठरेल का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, आणि ते चूक आहे. पाठ केलेलं वाक्य आपल्याला बरोबर उलट्या दिशेला नेतं. हे डेरिव्हेशन पहिल्यापासून उभं केलं की ती चूक नेमकी कुठल्या पायरीवर दबा धरून बसली आहे ते दिसतं.

कागद कोरा घ्या. वेग v, बल्क मॉड्युलस E आणि घनता ρ यांचं v = √(E/ρ) हे सूत्र बहुतेक पुस्तकांत आयतं मिळतं, म्हणून सुरुवात तिथून न करता त्याच्याही मागून करू. लांबलचक नळी, आत हवा, एका टोकाला दट्ट्या. दट्ट्या u या छोट्या वेगाने आत ढकलायला सुरुवात केली. दट्ट्याजवळची हवा त्याच वेगाने सरकू लागते, पण लांबच्या हवेला अजून काही कळलेलं नाही. ‘कळलेली’ आणि ‘न कळलेली’ हवा यांच्यामधली सीमा v या वेगाने पुढे धावते, आणि हाच ध्वनीचा वेग. u आणि v मध्ये गोंधळ झाला की पुढचं सगळं फसतं. पनवेलच्या यार्डात इंजिन उभ्या मालगाडीला हलका धक्का देतं, तेव्हा डबे जेमतेम सरकतात, पण खडखडाट क्षणात शेवटच्या डब्यापर्यंत जातो. डब्यांचा वेग u, खडखडाटाचा v.

t इतक्या वेळात सीमा vt अंतर गेली. म्हणजे मूळच्या vt लांबीतली हवा आता हलते आहे. नळीचं क्षेत्रफळ A धरलं तर तिचं वस्तुमान ρAvt आणि संवेग ρAvt·u. हा संवेग कुठून आला? दट्ट्याकडचा दाब पलीकडच्यापेक्षा ΔP ने जास्त आहे, म्हणून बल ΔP·A, आणि ते t वेळ लागलं. न्यूटनचा दुसरा नियम लावला की

ΔP·A·t = ρAvt·u, म्हणजे ΔP = ρvu

दुसरी गोष्ट नुसती भूमिती. मूळ लांबी vt होती, दट्ट्याने ut खाल्ली. आकारमानात पडलेला फरक भागिले मूळ आकारमान म्हणजे u/v. बल्क मॉड्युलसची व्याख्या अशी, की दाबातला फरक भागिले आकारमानातला हा सापेक्ष फरक. म्हणून

E = ρvu ÷ (u/v) = ρv²

u निघून गेला. दट्ट्या हळू ढकला की जोरात, सीमेच्या वेगाला फरक पडत नाही. कुजबुज आणि आरोळी एकाच वेगाने का पोचतात याचं उत्तर या एका काटाकाटीत आहे, आणि आयतं सूत्र लिहिणाऱ्याच्या ते कधीच हाती लागत नाही.

प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहायची मी मुलांना सवय लावतो, की ही ओळ कशाच्या जोरावर उभी आहे: नियम, व्याख्या की गृहीतक? इथपर्यंत एक नियम आला आणि एक व्याख्या आली. हवा कशी वागते याबद्दल आपण अजून काहीच ठरवलेलं नाही. हेच सूत्र पाण्यालाही चालतं ते त्यामुळे. हवेचं ‘हवापण’ आता E मध्ये येणार आहे, आणि भांडण तिथेच आहे.

न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिआ’त ध्वनीचा वेग काढला, तेव्हा हाताशी बॉइलचा नियम होता. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम. (P+ΔP)(V−ΔV) = PV हा कंस सोडवून ΔP·ΔV हे पद सोडून दिलं, की E = P मिळतं. हे पद सोडायची मुभा कुणी दिली? साध्या बोलण्यात हवेचा दाब ०.०२ पास्कलच्या आसपास हलतो, आणि मूळ दाब एक लाखाच्या वर आहे. तेव्हा सोडलेलं पद नगण्य आहे, खुशाल सोडा. सुतळी बॉम्बच्या अगदी जवळ मात्र ते सोडता येत नाही, आणि तिथे धक्का खरोखरच ध्वनीपेक्षा वेगाने जातो.

आता आकडे घालू. शून्य अंश सेल्सिअसला दाब १,०१,३२५ पास्कल, हवेची घनता दर घनमीटरला १.२९ किलो. वेग येतो सेकंदाला २८० मीटर. प्रत्यक्षातला ३३१. तफावत पंधरा टक्क्यांची, मोजमापातली चूक म्हणून सोडून देता येईल अशी नाही.

न्यूटनलाही ती दिसली होती. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या गणिताचं उत्तर सेकंदाला ९७९ फूट आहे आणि मोजलेला वेग ११४२ फूट. मग त्याने सांगितलं, की हवेचे कण स्वतः घन आहेत आणि त्यांच्यातून ध्वनी क्षणात पार होतो, तेवढं अंतर वाढवा. शिवाय हवेतली वाफ ध्वनीत भाग घेत नाही, तेवढी घनता कमी धरा. या दोन दुरुस्त्यांनंतर उत्तर आलं बरोबर ११४२! शेवटचं उत्तर माहीत असलं की मधल्या ओळीत कुठूनतरी २ आणून गुणणारी मुलं आठवतात. इथे तर खुद्द न्यूटन.

फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१६ साली बोट ठेवलं ते गृहीतकावर. बॉइलचा नियम तापमान कायम असेल तरच लागू. हवा दाबली की ती तापते. ती उष्णता बाहेर पडायला सवड मिळाली नाही, तर दाब जास्त चढतो. किती जास्त? इथे पुस्तकात γ नावाचं अक्षर येतं आणि १.४ पाठ केलं जातं, पण हा आकडाही उभा करता येतो. हवेतले रेणू मुख्यतः जोडअणूंचे, नायट्रोजन आणि ऑक्सिजन. अशा वायूची अंतर्गत ऊर्जा (5/2)nRT. यातल्या पाचपैकी तीन सरळ चालीचे आणि दोन गिरकीचे. आकारमान एक टक्का कमी केलं तर आपण केलेलं कार्य PV च्या, म्हणजेच nRT च्या, एक टक्का, आणि ते सगळं या ऊर्जेत जमा होतं. तेव्हा nRT वाढतं एक टक्क्याच्या दोन-पंचमांशाने, म्हणजे ०.४ टक्क्याने. दाब आकारमान घटल्यामुळे एक टक्का आणि तापल्यामुळे ०.४ टक्का वाढला. एकूण १.४. म्हणून E = 1.4P, आणि २८० ला १.४ च्या वर्गमुळाने गुणलं की ३३१.

आता ते ‘लवकर’. प्रश्न असा आहे, की दाबल्या गेलेल्या गरम थरातली उष्णता शेजारच्या विरळ, गार थरात पोचते का? हवेत उष्णता झिरपते ती वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने. वेळ चौपट केला तर अंतर दुप्पट. त्यासाठी हवेचा गुणांक सेकंदाला साधारण २×१०⁻⁵ चौरस मीटर. ५०० हर्ट्झचा स्वर घेऊ. दाबाचा अर्धा फेरा एक मिलिसेकंदात संपतो, तेवढ्यात उष्णता ०.१४ मिलिमीटर जाते. तिला जायचं होतं अर्ध्या तरंगलांबीइतकं, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर. अंतर अडीच हजार पट कमी पडलं.

आता कंपन दहापट संथ करा, ५० हर्ट्झ. उष्णतेला दहापट वेळ मिळाला, ती ०.४५ मिलिमीटर गेली. पण अर्धी तरंगलांबीही दहापट वाढून साडेतीन मीटर झाली. आता ती जवळजवळ आठ हजार पट कमी पडते! वेळ वाढला तसं उष्णतेचं अंतर वर्गमुळाने वाढलं आणि तरंगलांबी सरळ पटीने. म्हणजे आवाज जितका संथ, तितकी प्रक्रिया जास्त अडायबॅटिक. ‘लवकर’ हा शब्द अर्धवट आहे. किती अंतर कापायचं आहे हे सांगितल्याशिवाय लवकर किंवा उशीर याला अर्थ नाही.

मग उलट दिशेने, फार वरच्या वारंवारतेला न्यूटन जिंकेल का? दोन्ही अंतरं जुळतात ती ०.०६ मायक्रोमीटरच्या आसपास. पण हवेचा रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरी जातो तेच अंतर ०.०७ मायक्रोमीटर आहे. तिथे हवेचा सलग ‘थर’ ही कल्पनाच मोडते, दट्ट्याचं चित्र लागू पडत नाही. मोकळ्या हवेत न्यूटनला जागा नाही. जागा आहे ती अरुंद फटींत. स्पीकरच्या डब्यात भरलेल्या कापसासारख्या तंतूंमध्ये हवेच्या भेगा इतक्या बारीक असतात, की संथ आवाजात उष्णता शेजारच्या थराऐवजी तंतूंत निघून जाते. तिथे तापमान जवळपास कायम राहतं, आणि E पुन्हा P कडे सरकतो.

हे एवढं हातात असलं की परीक्षेतल्या ‘घटकांचा परिणाम’ छाप प्रश्नांना वेगळं पाठांतर लागत नाही. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला तर घनताही दुप्पट, भागाकार तोच, वेग तोच. पावसाळ्यातल्या दमट हवेला आपण ‘जड’ म्हणतो, म्हणून मुलं ध्वनी मंदावेल असं लिहितात. पण पाण्याचा रेणू वजनाने १८ चा, आणि तो साधारण २९ च्या सरासरी रेणूची जागा घेतो. घनता कमी होते, वेग वाढतो. तीस अंशाला पूर्ण दमट हवेत सेकंदाला दोन-अडीच मीटरनेच, पण वाढतो.

न्यूटन की लाप्लास, हे ठाण्यातही तपासता येतं. न्यूटनने केंब्रिजमध्ये प्रतिध्वनी लंबकाने मोजला होता, आपल्याकडे मोबाइलचं स्टॉपवॉच आहे. मैदानासमोर एखाद्या टॉवरची सलग उंच भिंत बघा, पहाटे रस्ता शांत असताना भिंतीपासून ८५ मीटरवर उभे राहा आणि टाळ्या वाजवा. ताल असा जुळवा, की प्रतिध्वनी पुढच्या टाळीखाली बुडून ऐकू येईनासा होईल. जाऊन-येऊन १७० मीटर. तीस अंशाला लाप्लासच्या हिशेबाने वेग ३४९, तर टाळ्यांमधल्या वीस अंतरांना ९.७ सेकंद लागतील. न्यूटनच्या हिशेबाने वेग २९५, तर ११.५. पावणेदोन सेकंदांचा फरक अंगठ्याच्या चुकीपेक्षा बराच मोठा आहे. भिंतीचं अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. एक मीटर चुकलं तरी उत्तर एका टक्क्याहून जास्त हलतं. दमटपणाचा परिणाम मात्र त्याहूनही लहान आहे, तो या टाळ्यांनी सापडणार नाही.