'जरा पाणी आलं होतं': छोटा शब्द मोठी आपत्ती कसा पेलतो

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात तळमजल्यावर एक आजी राहतात, आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या पावसाळ्यात माझा भाचा बंगलोरहून आला होता, त्यानं त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर, पार वर, माळ्याच्या फळीला लागून एक तपकिरी रेघ पाहिली आणि विचारलं की हे काय आहे. आजी निवडायला घेतलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "काही नाही रे, एकसष्ट साली जरा पाणी आलं होतं."

माझ्या अंगावर काटा आला. भाच्यानं विचारलं, "पाईप फुटला होता का?"

वाक्य एक, ऐकणारे दोघं, आणि दोघांच्या डोक्यात गेलं ते पूर्ण वेगळं. तेव्हापासून हा विषय मला सोडत नाहीये. मोठ्या आपत्तीबद्दल मुद्दाम कमी बोललं की कधी ते ऐकणाऱ्याच्या छातीवर येतं आणि कधी अगदी वाया जातं, हे नक्की कशानं ठरतं? भाषाशास्त्रात याचं बऱ्यापैकी चोख उत्तर आहे आणि ते मला फार आवडतं, म्हणून जरा खोलात जातो.

पॉल ग्राइस नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९६७ साली हार्वर्डमध्ये काही व्याख्यानं दिली. त्याचं म्हणणं असं की बोलताना आपण सगळेच एक न लिहिलेला करार पाळतो, त्यातलं एक कलम म्हणजे गरजेपुरतं पूर्ण सांगायचं, त्याहून कमी नाही. म्हणून बाईंनी सांगितलं की "काही मुलं पास झाली", तर आपण लगेच समजतो की सगळी झालेली नाहीत. तसं त्या म्हणालेल्या नसतात हं. सगळी पास झाली असली तरी "काही झाली" हे वाक्य खोटं ठरत नाही. पण आपण हिशोब करतो की सगळी झाली असती तर त्या "सगळी" म्हणाल्या असत्या, ज्या अर्थी म्हणाल्या नाहीत त्या अर्थी झाली नसणार. असे शब्द जिन्याच्या पायऱ्यांसारखे असतात. जरा, बरंच, खूप, प्रचंड. बोलणारा ज्या पायरीवर थांबला तिच्या वरच्या सगळ्या पायऱ्या ऐकणारा आपोआप खोडून टाकतो.

भाच्यानं नेमकं हेच केलं. "जरा" ऐकलं, वरचं सगळं खोडलं, उरला फुटका पाईप. त्याची काही चूक नाही, रोजच्या बोलण्यात हाच हिशोब बरोबर येतो.

माझ्या डोक्यात मात्र हा हिशोब सुरू होतानाच अडकला. कारण वरची पायरी खरी आहे हे मला आधीच माहीत होतं. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं मातीचं धरण, ज्याचं काम अजून पुरतं संपलेलंही नव्हतं, ते फुटलं, ते पाणी खाली खडकवासल्यात घुसलं आणि त्याच दिवशी ते धरणही गेलं. नदीकाठच्या पेठा आणि डेक्कनचा भाग पाण्याखाली गेला, आणि शहराचं पिण्याचं पाणी खडकवासल्याहूनच येत असल्यामुळे पूर ओसरल्यावर पुण्यात प्यायला पाणी नाही अशी वेळ आली. हे सगळं माहीत असलेला माणूस "जरा"च्या वरच्या पायऱ्या खोडूच शकत नाही. मग डोकं दुसरा प्रश्न विचारतं. या बाईंना सगळं माहीत आहे, मलाही माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, तरी त्या खालच्या पायरीवर का थांबल्या? याचं उत्तर शोधताना आपण स्वतःच तो जिना चढतो, एकेक पायरी. वजन येतं ते इथून. आजींनी ते शब्दात ठेवलेलंच नव्हतं, माझ्याकडून उचलून घेतलं.

म्हणजे कमी बोलणं चालायला एक अट आहे. खरा आकार ऐकणाऱ्यापर्यंत दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं पोचलेला पाहिजे. ती वाट म्हणजे आधीची माहिती असेल, डोळ्यांसमोरचं दृश्य असेल, नाहीतर त्याच वाक्याला जोडलेली एखादी मोजता येणारी गोष्ट. आजींनी भाच्याचा चेहरा पाहून नंतर एवढंच जोडलं, "माळ्यावरच्या ट्रंकेपर्यंत." पोरानं मान वर करून माळा पाहिला, मग जमीन पाहिली, आणि गप्प झाला.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण विमानातलं आहे. २४ जून १९८२, ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७, क्वालालंपूरहून पर्थला निघालेलं. जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीची राख रात्रीच्या अंधारात दिसली नाही, रडारवरही नाही, कारण रडार ढगातलं पाणी टिपतं आणि राख कोरडी होती. राख इंजिनात वितळून चिकटली आणि साधारण ३७,००० फुटांवर चारही इंजिनं एकामागून एक बंद पडली. तेव्हा कॅप्टन एरिक मूडी यांनी जी घोषणा केली तिचा अर्थ असा होता, की आपल्यापुढे एक छोटी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती चालू करायचा आम्ही जिवापाड प्रयत्न करतोय, तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे.

या वाक्याची बांधणी बघा. "छोटी अडचण" ही खालची पायरी, आणि लगेच पुढे, काही न लपवता, "चारही इंजिनं". ७४७ ला इंजिनं असतातच चार. लोकांनी केबिनमधला धूर पाहिला होता, इंजिनांमागच्या ज्वाळा पाहिल्या होत्या, आणि आता तो आवाज थांबलेला. म्हणजे आकार तीन-तीन वाटांनी पोचलेला होता. तिथे "छोटी" या शब्दानं धोका छोटा झाला नाही, बोलणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे एवढंच कळलं. पुढे विमान खाली राखेबाहेर आलं, थंड झालेल्या इंजिनातली राख कडक होऊन सुटली, इंजिनं परत चालू झाली आणि सगळे जण जकार्ताला सुखरूप उतरले.

इथे एक फरक सांगायलाच हवा कारण दोन्हीची फार गल्लत होते. बांगडी फुटली की आपण "वाढवली" म्हणतो, दिवा विझवायचा तर "शांत करतो", यात गोष्टीचं नावच टाळलेलं असतं. त्यामागे भीती आहे की अशुभ बोललं तर ते घडेल, वास्तू तथास्तु म्हणेल. वास्तू काही म्हणत नाही, धरणाला आपण काय बोललो हे कळत नाही, मातीचा भराव खचतो तो पाण्यानं. मूडींनी काहीच टाळलं नव्हतं, इंजिनं बंद म्हणजे बंद, फक्त मोजायचा शब्द लहान घेतला. आणि उलट टोकाला आपली न्यूज चॅनेल्स, चौकात गुडघाभर पाणी साचलं की "जलप्रलय", "हाहाकार". वरच्या पायऱ्या रोज वापरून गुळगुळीत केल्या तर खरोखर धरण फुटेल त्या दिवशी बोलायला शब्द कुठून आणणार, याचा मला मनापासून राग येतो.

आता अट मोडली की काय होतं. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाच्या अव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे येत होतं. हवा खराब, गर्दी खूप, त्यामुळे त्याला वाटेत तीन वेळा घिरट्या घालायला लावल्या, मिळून तासाहून जास्त वेळ. को-पायलटनं एका कंट्रोलरला सांगितलं की आम्ही अजून पाचेक मिनिटंच थांबू शकतो, आणि पर्यायी विमानतळ म्हणून ठरवलेल्या बॉस्टनला वळणं आता शक्य नाही. हा मोजता येणारा आकडा होता. पण विमान पुढच्या कंट्रोलरकडे सोपवताना बॉस्टनला जाता येत नाही ही गोष्ट पुढे गेलीच नाही.

पहिला उतरायचा प्रयत्न फसला. कॅप्टननं कॉकपिटमध्ये स्पॅनिशमधून सांगितलं की त्यांना सांग, इमर्जन्सी आहे. को-पायलट रेडिओवर इंग्रजीत जे बोलला ते असं, की ठीक आहे, त्या दिशेला वळतो, पुन्हा प्रयत्न करू, आमचं इंधन संपत आलंय. दिशेचा आकडा आधी आणि इंधन शेवटी, शेपटीसारखं. थोड्या वेळानं कंट्रोलरनं विचारलंसुद्धा, की तुम्हाला बरंच लांबून वळवून आणतोय, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर आलं, "चालेल बहुतेक, थँक्यू व्हेरी मच." काही मिनिटांत इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर एका टेकडीवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. आग लागली नाही, कारण जळायला इंधनच नव्हतं.

कंट्रोलर माझ्या भाच्याच्या जागी होता. उशिरानं उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचं इंधन संपतच आलेलं असतं, त्यामुळे ते शब्द त्यानं रोजच्या हिशोबानं घेतले, की खरंच संकट असतं तर "इमर्जन्सी" म्हणाला असता, म्हणाला नाही म्हणजे नसणार. ग्राइसचं कलम अगदी तंतोतंत. समोर रडारवर फक्त एक ठिपका, दुसरी वाट नाहीच. आता विमान वाहतुकीत यासाठी शब्द ठरवून दिलेत, "मिनिमम फ्युएल", म्हणजे आता आणखी उशीर चालणार नाही, आणि त्याच्या वर "मेडे फ्युएल", म्हणजे थेट इमर्जन्सी. जिन्याला दोनच पायऱ्या, ऐकणाऱ्यानं हिशोब करायची गरजच नाही.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, आणि उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत एका सावकारी पत्रातून बातमी कळली. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही. शब्द पुस्तकागणिक थोडे बदलतात. ही सांकेतिक भाषा आहे, सरळ अर्थानं कमी बोलणं नव्हे, हे मान्य. पण वजन त्याच पद्धतीनं येतं. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे दोन मोती कोण हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं, एक त्याचा मुलगा होता आणि दुसरा चुलतभाऊ. सत्तावीस हा आकडा आहे, मोजता येतो. आणि तिसऱ्या जागी आकडाच नाही. खतावणी लिहिणारा माणूस रक्कम कोरी सोडत नाही, ती कोरी आहे एवढ्यावरून पेशव्यांना काय ते कळलं असणार. ते पुण्याला परत आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले.

भाचा परत जायच्या आदल्या दिवशी स्वतःहून आजींकडे जाऊन बसला. त्यानं विचारलं, पाणी उतरल्यावर काय केलंत? आजींनी सूप झटकलं.

"काय करणार, दिवाळीपर्यंत चिखल काढत होतो."