मेदपेशी (चरबीच्या पेशी)

मेदपेशी म्हणजे शरीरातील जादा ऊर्जा चरबीच्या रूपात साठवणारी, गरजेनुसार ती रक्तात सोडणारी आणि स्वतः संप्रेरके तयार करणारी जिवंत पेशी. अशा असंख्य पेशी, त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या, चेतातंतू, रोगप्रतिकारक पेशी आणि अजून मेदपेशी न झालेल्या पूर्वपेशी मिळून मेद ऊती बनते. ती त्वचेखाली, आतड्यांभोवती, मूत्रपिंडांभोवती आणि अस्थिमज्जेतही असते. तपकिरी मेदपेशी चरबी जाळून उष्णता निर्माण करतात. ही नोंद मात्र साठवणूक करणाऱ्या पांढऱ्या मेदपेशींपुरती, आणि त्यातही मुख्यतः एका प्रश्नापुरती आहे : वजन उतरले तरी या पेशींची संख्या का उतरत नाही?

सूक्ष्मदर्शकाखाली पांढरी मेदपेशी ओळखायला सोपी असते. जवळजवळ सगळी जागा चरबीच्या एकाच मोठ्या थेंबाने व्यापलेली असते आणि केंद्रक कडेला चेपून बसलेले असते. प्रौढ माणसात अशा एका पेशीत साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या वीस लाखाव्या भागाइतकी चरबी असते. शरीरात १५ किलो चरबी असेल तर या हिशेबाने सुमारे ३,००० कोटी पेशी होतात. चरबीच्या एका ग्रॅममधून ९ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे एवढा साठा दिवसाला २,००० किलोकॅलरी वापरणाऱ्याला दोन महिन्यांहून अधिक पुरेल. पिष्टमय पदार्थांचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो. तेवढीच ऊर्जा त्या रूपात वागवायची म्हटले तर माणसाला चालणेही कठीण होईल.

साठवणे आणि सोडणे

जेवणानंतर रक्तातून येणारे चरबीचे कण पेशीत शिरण्याइतके लहान नसतात. केशवाहिन्यांच्या भिंतीवर असलेले लायपोप्रोटीन लायपेज हे विकर ते तोडते, सुटलेली मेदाम्ले पेशीत जातात आणि तिथे त्यांची पुन्हा जुळणी होऊन थेंबात भर पडते. इन्सुलिन वाढलेले असताना ही आवक जोरात असते आणि जावक जवळपास बंद असते.

उपाशी राहिल्यावर किंवा धावपळ केल्यावर चित्र उलटते. इन्सुलिन खाली येते, नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढते. थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचे आवरण असते. त्याचा बंदोबस्त सैल होतो आणि तीन विकरे ओळीने चरबीच्या रेणूतील एकेक मेदाम्ल तोडून काढतात. मेदाम्ले रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून स्नायूंकडे आणि हृदयाकडे जातात, मागे उरलेले ग्लिसरॉल यकृताकडे. चरबी जळते ती तिकडे, मेदपेशीत नव्हे. पोटाचे व्यायाम केल्याने नेमकी पोटावरचीच चरबी झडते हा समज म्हणूनच फोल आहे. पोटाचे स्नायू लागेल ते इंधन रक्तातून उचलतात, मग ते कुठल्याही भागातून आलेले असो.

हा साठा स्थिर पडून नसतो. एका पेशीच्या आयुष्यात तिच्यातील चरबी साधारण सहा वेळा बदलते, असे स्वीडनमधील मोजमापांतून दिसले आहे.

संप्रेरके

मेद ऊती नुसते कोठार आहे ही समजूत १९९४ मध्ये मोडली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने अतोनात लठ्ठ होणाऱ्या उंदरांच्या एका वाणातील बिघडलेले जनुक शोधले. ते जनुक मेदपेशींतच काम करते आणि त्यापासून बनणारे संप्रेरक, लेप्टिन, रक्तातून मेंदूतील हायपोथॅलॅमसला साठ्याची खबर देते. पेशी जितकी भरलेली, तितके तिचे लेप्टिन जास्त.

माणसात याचा पुरावा इंग्लंडमध्ये मिळाला. केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ मध्ये पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन मुलांत जन्मतःच लेप्टिन बनत नसल्याचे दाखवले. त्यांच्यातली मुलगी नऊ वर्षांची असताना ९४ किलोंची होती आणि तिची भूक कशानेच भागत नसे. रोज लेप्टिनची सुई सुरू केल्यावर वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले, आणि उतरलेले बहुतेक सगळे वजन चरबीचे होते. ही बातमी पसरताच लठ्ठपणावर औषध सापडले असा गाजावाजा झाला, पण तो टिकला नाही. नेहमीच्या लठ्ठपणात लेप्टिन कमी नसते, उलट भरपूर असते. मेंदू त्याला पुरेसा दाद देत नाही, त्यामुळे आणखी टोचून फारसा फरक पडत नाही.

मेदपेशी इतरही संप्रेरके सोडतात. त्यांतले अ‍ॅडिपोनेक्टिन इन्सुलिनचा परिणाम वाढवते, आणि गंमत अशी की चरबी वाढली की तेच कमी होते. अ‍ॅरोमाटेज या विकरामुळे मेद ऊतीत इस्ट्रोजेनही तयार होते. पाळी थांबलेल्या स्त्रियांत इस्ट्रोजेनचा मोठा भाग असाच येतो.

पेशी मोजायच्या कशा?

मेदपेशी एकेक करून मोजता येत नाहीत. सुईने त्वचेखालच्या चरबीचा नमुना घेतात, त्यातील पेशींचे सरासरी आकारमान काढतात आणि शरीरातील एकूण चरबीला त्याने भागतात. या पद्धतीत दोन कच्चे दुवे आहेत. एका जागेचा नमुना सगळ्या शरीराचा मानला जातो, आणि फारच रिकाम्या, बारीक पेशी मोजणीतून निसटू शकतात. म्हणून अशा आकड्यांकडे अंदाज म्हणूनच पाहावे.

संख्या स्थिर दिसते याचे दोन अर्थ होऊ शकत होते. एक तर पेशी जन्मभर त्याच राहतात, किंवा जितक्या मरतात तितक्याच नव्या येतात. हा निवाडा अणुबाँबच्या चाचण्यांमुळे झाला. १९५५ ते १९६३ या काळात खुल्या हवेत झालेल्या चाचण्यांनी वातावरणातील कार्बन-१४ जवळपास दुप्पट केले. १९६३ च्या करारानंतर अशा चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि तो कार्बन समुद्रात व वनस्पतींत मुरत गेल्याने हवेतील प्रमाण वर्षागणिक ठरावीक रीतीने घटत गेले. वनस्पतींतून तो अन्नात आणि अन्नातून आपल्या शरीरात येतो. पेशी जन्मताना तिच्या डीएनएत जो कार्बन बसतो तो पुढे बदलत नाही. त्यामुळे डीएनएतील कार्बन-१४ मोजून पेशीचे जन्मवर्ष काढता येते.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पॉल्डिंग, पीटर आर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हीच युक्ती मेदपेशींवर वापरली. चाचण्या सुरू होण्याच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या माणसांच्या मेदपेशींतही बाँबचा कार्बन सापडला, म्हणजे त्या पेशी प्रौढ वयात तयार झालेल्या होत्या. हिशेब असा निघाला की दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. पेशींची संख्या लहानपणी व पौगंडावस्थेत वाढते आणि विशीच्या सुमारास स्थिरावते. बारीक माणसाची खालच्या पातळीवर, लठ्ठ माणसाची वरच्या. पोटाची शस्त्रक्रिया करून बरेच वजन घटवलेल्या रुग्णांत दोन वर्षांनंतरही पेशी लहान झालेल्या दिसल्या, पण संख्या तेवढीच राहिली.

एक हिशेब

शंभर किलो वजनाच्या, ४० किलो चरबी असलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. त्याच्या प्रत्येक पेशीत ०.८ मायक्रोग्रॅम चरबी आहे असे धरले तर ५,००० कोटी पेशी होतात. त्यांतल्या ५०० कोटी दरवर्षी, म्हणजे रोज जवळजवळ १ कोटी ३७ लाख, मरून पूर्वपेशींतून तितक्याच नव्याने तयार होतात. त्याने २० किलो चरबी घटवली. आता त्याच ५,००० कोटी पेशींत प्रत्येकी ०.४ मायक्रोग्रॅम उरले. चरबी निम्मी झाली तरी पेशीचा व्यास सुमारे १२० मायक्रॉनवरून ९५ वरच येतो, कारण गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते.

आता त्याच्या शेजारी असा माणूस उभा करू, जो कधी लठ्ठ नव्हताच. वजन तेवढेच, चरबीही २० किलोच, पण पेशी ३,००० कोटी. त्याच्या प्रत्येक पेशीत ०.६७ मायक्रोग्रॅम चरबी आहे. वजनकाट्यावर दोघे सारखे, पण पहिल्याच्या पेशी अर्धवट भरलेल्या. वजन उतरवलेल्या माणसात लेप्टिन खाली येते, भूक वाढते आणि ऊर्जेचा खर्च अपेक्षेपेक्षाही कमी होतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १० टक्के वजन घटवलेल्या लोकांना थोडे लेप्टिन दिल्यावर हा घटलेला खर्च बराचसा पूर्ववत झाला. वजन पुन्हा वाढते तेव्हा निश्चय कमी पडला असा ठपका सर्रास ठेवला जातो, तो बऱ्याचदा अन्यायाचा असतो. २०२४ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आणखी एक बाब दाखवली : वजन उतरल्यानंतरही मेदपेशींच्या जनुकांवर लठ्ठपणाच्या काळातल्या काही खुणा टिकून राहतात.

अपवाद आणि मर्यादा

संख्या वाढणे मात्र प्रौढ वयातही शक्य आहे. जादा खाऊ घालण्याच्या प्रयोगांत पोटावरच्या पेशी मुख्यतः फुगल्या, तर मांड्यांत नव्या पेशी तयार झाल्या. कमी करण्याचा थेट मार्ग म्हणजे चरबी शोषून काढणे. तेही कितपत टिकते हे कोलोरॅडो विद्यापीठात २०११ मध्ये तपासले गेले. लठ्ठ नसलेल्या स्त्रियांच्या मांड्या, नितंब व ओटीपोटातील चरबी काढली. वर्षभरात शरीरातील एकूण चरबी पहिल्याइतकी झाली. मांड्या बारीकच राहिल्या, भर पडली ती पोटाकडे.

तरीही पेशी कमी असणे चांगलेच, असे म्हणता येत नाही. मेद ऊती जवळजवळ नसण्याचा एक जन्मजात विकार आहे, लायपोडिस्ट्रॉफी. ही माणसे सडपातळ, पिळदार दिसतात, पण साठवायला जागा नसल्याने चरबी यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते आणि त्यांना तीव्र मधुमेह होतो. इथे लेप्टिन खरोखर उपयोगी पडते.

याच्या सौम्य रूपाकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लक्ष वेधले. २००४ मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही हेच आढळले. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधील बाळांपेक्षा ती वजनाने बरीच हलकी होती, स्नायू कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. भारतीयांत मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात दिसतो तो याच ठेवणीशी जोडला जातो, आणि म्हणून इथे जोखीम तपासताना वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजतात.