तळघराची भिंत: एका जाडीचं काम तीन हिशेबांत कसं वाटलं गेलं

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात बाजारपेठेतल्या जागेवर नवं संकुल उठायचं म्हटलं की आधी बेसमेंटचा खड्डा खणला जातो. मग मालक इंजिनिअरला तीन मापं सांगतो: परिमिती, उंची, भिंतीची जाडी. तेवढ्यावर काँक्रीट किती, सळई किती आणि बाहेरचं पाणी अडवणारं मेम्ब्रेन किती याचं उत्तर त्याला लगेच हवं असतं. काँक्रीटचं उत्तर या तीन मापांतून जवळपास बरोबर येतं, पण सळई आणि मेम्ब्रेनचं येत नाही. असं का होतं, हे भिंतीचा इतिहास पाहिला की कळतं.

माती अडवणाऱ्या भिंती मराठवाड्याला नव्या नाहीत. परभणी जिल्ह्यात वालूर, चारठाणा इथल्या बारवा म्हणजे चारही बाजूंनी जमीन रोखून धरणारं घडीव दगडी बांधकामच. त्या भिंती उभ्या राहिल्या त्या वजनावर आणि पायऱ्या-टप्प्यांनी मागे सरकत जाणाऱ्या उतारावर. बहुतेक ठिकाणी दगडांच्या सांध्यांत चुना नाही, त्यामुळे मागचं पाणी झिरपून आत येतं. बारवेला तेच हवं होतं. भिंतीमागे पाणी साठलं नाही, म्हणून पाण्याचा दाबही साठला नाही. वजनावर उभी राहणारी दगडी भिंत बुडाशी उंचीच्या साधारण निम्मी जाड धरायची, हा अनुभवाचा अंदाज याच जातीच्या बांधकामातला. बारा फूट माती अडवायची तर बुडाशी सहा फूट भिंत. माती रोखणं, स्वतः उभं राहणं आणि पाण्याला वाट देणं ही तिन्ही कामं त्या एकाच जाडीत होत असत. हिशेबही एकच असे, दगड किती ब्रास.

मातीच्या दाबाचं गणित युरोपात मांडलं गेलं. कुलाँने १७७६ मध्ये आणि रँकिनने १८५७ मध्ये त्याची सूत्रं दिली. ती मुख्यतः थोड्या पुढे सरकू शकणाऱ्या भिंतीची आहेत. भिंत किंचित पुढे गेली की माती स्वतःलाच थोडी सावरते आणि दाब उतरतो. तळघराच्या भिंतीला ही मुभा नाही. खाली राफ्टने, म्हणजे तळाच्या सलग काँक्रीटच्या पायाने, आणि वर स्लॅबने ती धरून ठेवलेली असते, म्हणून तिच्यावर स्थिर मातीचा, म्हणजे जास्त, दाब येतो. तो काढायचं सोपं सूत्र याकीने १९४४ मध्ये दिलं. रस्त्याकडेच्या संरक्षक भिंतीचं ड्रॉइंग तळघराला वापरलं की सळई कमी पडते, ती याच कारणाने.

आपल्याकडे जाडीवरचा विश्वास ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हादरला. किल्लारी आणि आसपासच्या गावांतली माळवदाची घरं दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड दगडी भिंतींची होती. त्या भिंतींना आतून आणि बाहेरून दगडाचे दोन थर, मध्ये मातीत भरलेले लहान दगड, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारे जोडदगड क्वचितच. भूकंपात थर एकमेकांपासून सुटले आणि वरच्या माळवदाचं ओझं आत कोसळलं. नुसती जाडी म्हणजे ताकद नाही, भिंत आतून बांधलेली लागते, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत मोजून पाहिलं. पुढच्या पुनर्वसनात काँक्रीटचे पट्टे आणि सळई गावोगाव पोचली. शहरांतही तळघराची दगडी भिंत मागे पडून आरसीसीची आली.

या बदलाने सहा फुटांची भिंत नऊ-दहा इंचांवर आली. वजनाचं काम सळईकडे गेलं. पाण्याचं काम मात्र बराच काळ कुणाकडेच नव्हतं. बारवेत पाणी आत येणं चांगलं होतं, पार्किंगमध्ये ते चालत नाही. त्यावर आधी बॉक्स पद्धतीचं वॉटरप्रूफिंग आलं: राफ्टखाली आणि भिंतीबाहेर खडबडीत शहाबादी फरशी बसवायची आणि मधली पोकळी सिमेंट मसाल्याने भरायची. शहाबाद आपल्या सीमेला लागूनच, आणि १९५६ पर्यंत मराठवाड्यासारखंच हैदराबाद राज्यात. त्यामुळे फरशी स्वस्त आणि ओळखीची. काम नीट झालं तर ते टिकायचं, पण फरशी ताठ असते. भिंतीला केसाएवढी भेग पडली की सांधाही तिथेच फुटतो. म्हणून पुढे टॉर्चने तापवून चिकटवायचं, ताण सोसणारं डांबरी मेम्ब्रेन आलं.

‘मराठवाड्यात पाऊसच कुठे, मेम्ब्रेन कशाला?’ हा प्रश्न मी साइटवर वारंवार ऐकतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये आकसते आणि भिंतीपासून सुटून उभ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून सरळ भिंतीच्या बुडापर्यंत उतरतो. खाली बेसॉल्ट लागला असेल तर खड्डा म्हणजे दगडात कोरलेला हौदच. भरावात शिरलेलं पाणी तिथून हलत नाही. विहिरीची पातळी अजून तळाला असते आणि भिंतीमागे मात्र जमिनीपर्यंत पाणी उभं असतं. साडेतीन मीटरच्या आसपासच्या भिंतीवर बुडाशी कोरड्या मुरमाचा दाब चौरस मीटरला सुमारे सव्वातीन टन धरला, तर पाणी भरल्यावर तो साडेपाच टनांच्या जवळ जातो. शिवाय काळी माती ओली झाली की फुगते, तो दाब वेगळा. म्हणून भराव मुरमाचाच हवा, थरांनी दाबलेला. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत टाकायची नाही.

आता एक उदाहरण मोजून पाहू. बेसमेंट बाहेरून २४ बाय १६ मीटर, भिंत २५० मिमी, राफ्टच्या वरपासून जमिनीपर्यंत उंची ३.६ मीटर. बाहेरची परिमिती ८० मीटर. काँक्रीटला ही परिमिती लावली की चारही कोपरे दुहेरी मोजले जातात. भिंतीच्या मध्यरेषेची परिमिती धरावी: ८० मधून जाडीची चौपट, म्हणजे १ मीटर वजा, ७९ मीटर. ७९ गुणिले ३.६ गुणिले ०.२५ म्हणजे सुमारे ७१ घनमीटर. सांडलवंड धरून ७३ मागवावं. इथे चूक झाली तरी फरक एका घनमीटराच्या आसपासचा.

सळईत फरक मोठा पडतो. बाजारात ‘काँक्रीटच्या एक टक्का’ असा ठोकताळा आहे. हा टक्का आकारमानाचा: एका घनमीटरला ७८.५ किलो, म्हणजे या भिंतीला साडेपाच टनांच्या थोडं वर. आता ड्रॉइंगप्रमाणे मोजू. आयएस ४५६ नुसार २०० मिमीपेक्षा जाड भिंतीला दोन्ही तोंडांशी सळईची जाळी लागते. समजा मातीकडे उभी १६ मिमी, आतून उभी १२ मिमी, दोन्ही १५० मिमीवर, आणि आडवी १० मिमी दोन्हीकडे १५० मिमीवर. एका तोंडाला उभ्या सळया ५२७. प्रत्येकीची लांबी ३.६ नव्हे, राफ्टमध्ये उतरणारा एल आणि वर स्लॅबमध्ये वळणारा भाग धरून सुमारे ५ मीटर. मीटरचं वजन व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून येतं. १६ मिमीची ४,१६३ किलो, १२ मिमीची २,३४२ किलो. आडव्या सळया एका बाजूला २५, दोन्ही मिळून ५०. लॅप आणि कोपऱ्यांचे पाच टक्के धरून २,५५९ किलो. एकूण नऊ टनांच्या वर, घनमीटरला १२७ किलो. ठोकताळ्यापेक्षा साडेतीन टन जास्त! परिमिती, उंची, जाडी या तिन्हींत सळई कुठेच दिसत नाही, कारण ती भिंतीच्या आकारमानावर नव्हे, दाबावर ठरते. उंची थोडी वाढली तरी बुडाशी येणारा वाक उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

याच वाकात एक धोका दडलेला असतो, आणि तो कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. वरचा स्लॅब पडलेला असला की भिंत खाली-वर दोन्हीकडे टेकलेली असते. स्लॅबआधीच घाईने भराव केला तर ती फक्त बुडावर उभी राहते आणि मातीमुळे बुडाशी येणारा वाक अडीचपट होतो. उदाहरणातल्या भिंतीची २५० मिमी जाडी त्याला पुरत नाही. भेग मातीच्या बाजूने, किकरजवळ, म्हणजे राफ्टवर आधी ओतलेल्या भिंतीच्या बुटक्या पट्टीजवळ पडते, नेमकी न दिसणारी. भिंतीचा माथा आत झुकलाय का, हे ओळंबा लावून पाहिलं तर कळतं.

मेम्ब्रेनला परिमिती बाहेरचीच, पूर्ण ८० मीटर. उंची मात्र ३.६ पुरत नाही. राफ्टची ४५० मिमी जाडी आणि जमिनीवर ३०० मिमी चढवणं धरून ४.३५ मीटर. क्षेत्र ३४८ चौरस मीटर. रोल एक मीटर रुंद, दहा मीटर लांब. १०० मिमी ओव्हरलॅप गेल्यावर पट्टी ९०० मिमीचीच कामी येते. ८० मीटरला ८९ उभ्या पट्ट्या, एका रोलमध्ये दोन, म्हणून ४५ रोल. क्षेत्रफळाला दहाने भागणारा माणूस ३५ मागवतो आणि मग कारागीर ओव्हरलॅप खातो. प्रत्येक रोलमधून उरलेला १.३ मीटरचा तुकडा फेकायचा नाही, तो कोपऱ्यांना आणि पाइपांभोवती जातो. राफ्ट आणि भिंतीच्या कोपऱ्यात आधी मसाल्याचा गोलसर वाटा भरायचा, नाहीतर काटकोनात मेम्ब्रेन पोकळ राहतं आणि भराव पडताना तिथेच फाटतं. तयार मेम्ब्रेनसमोर ड्रेन बोर्ड हवा, म्हणजे मुरमातले दगड त्यावर घासत नाहीत.

गळती झालीच तर ती बहुधा तळघराच्या जमिनीपासून सुमारे १५० मिमीवर आडव्या ओळीत दिसते. तो किकरचा सांधा, जिथे पाणी अडवणारी वॉटरस्टॉपची पट्टी घातलेली नसते किंवा काँक्रीट हनिकोम, म्हणजे पोकळ-भोकाळ, झालेलं असतं. ठरावीक अंतरावर ठिपके ओले असतील तर ती सेंट्रिंगच्या टाय रॉडची न बुजवलेली भोकं. अशा वेळी आतून कोटिंग मारलं जातं. पण पाण्याचा दाब बाहेरून येतो आणि तो कोटिंगला भिंतीपासून ढकलतो. पुढच्या पावसाळ्यात पापुद्रा सुटतो आणि मागून पांढरा खार येतो. सांध्यात ग्राउटिंग केल्याने त्या एका जागेपुरतं पाणी थांबू शकतं, पण भराव झाल्यावर बाहेरून मेम्ब्रेन लावायचं तर पुन्हा सगळं खणावं लागतं.

जुन्या बाजारपेठांत शेजारच्या भिंतीला चिकटून खड्डा घेतात, तिथे बाहेरून काम करायला माणूस उतरतच नाही. तिथे काँक्रीटच्या आधी बाहेरच्या आधाराला मेम्ब्रेन लावून त्यावरच काँक्रीट ओतायचं, म्हणजे ते भिंतीला बाहेरून चिकटतं. टॉर्चने लावायचं नेहमीचं मेम्ब्रेन त्याला चालत नाही, त्यासाठी वेगळं मिळतं आणि ते महाग पडतं. तेव्हा भिंत हद्दीपासून किती आत घ्यायची हे ड्रॉइंगच्या टप्प्यावरच ठरवावं, कारण त्या एक-दीड मीटरवर मेम्ब्रेन कोणतं आणि त्याचा दर काय, हे दोन्ही ठरतं.